एकाच पुरातले दोघे भाऊ

पत्र

माझं वय ४६, धाकट्या भावाचं ३८. सांगलीत आमचं वडिलांपासूनचं कापडाचं दुकान आहे. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी आलं तेव्हा मी घरच्यांना घेऊन मिरजेला मामांकडे गेलो. धाकटा माल वाचवायला दुकानाच्या माळ्यावर थांबला आणि दोन रात्री तिथंच अडकला, बोटीतून बाहेर काढावा लागला. नुकसान दोघांचं सारखंच. तेव्हा तीन-चार महिने गप्प होता, मग सावरला. २०२१ला पाणी कमी होतं, माल आधीच हलवला होता, तरी हा कोसळला तो अजून उठलेला नाही. दुकानात बसत नाही. पावसाळा लागला की रात्रभर मोबाइलवर कोयनेचा विसर्ग आणि आयर्विन पुलाची पातळी बघत बसतो. दोन्ही पुरांच्या रेघा मी दुकानाच्या भिंतीवर मारून ठेवल्यात. गिऱ्हाइकं कौतुकानं बघतात, हा तिकडं मान वळवत नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, सवय लागेल म्हणून दीड महिन्यात मीच बंद करायला लावल्या. मी स्वतः पंधरा दिवसांत शटर वर केलं होतं. मला काही झालं नाही, बीपीची गोळी तेवढी सुरू झाली. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता, मी सतरा. तेव्हापासून सगळ्यांनी त्याचे लाडच केले. आमच्या थोरल्या आत्यालाही ‘डोक्याचा त्रास’ होता. परवा म्हणाला, “पुढच्या पुरात मी नसलो तर बरं.” एकाच आईची लेकरं, एकच पूर, मग हा असा का? आता कडक वागू का? आणि माझ्या बारा वर्षांच्या मुलीत हे उतरू नये म्हणून तिला आतापासून कणखर कसं करू?

— थोरला भाऊ, सांगली

उत्तर

नमस्कार.

तुमच्या पत्रातलं शेवटून तिसरं-चौथं वाक्य मी सगळ्यात आधी घेते, बाकीचं नंतर. “मी नसलो तर बरं” हे तो सहज बोलून गेला असेल किंवा नसेल. तुम्हाला-मला ते इथं बसून कळणार नाही. ते त्यालाच विचारावं लागेल, आणि सरळ विचारावं लागेल. आज रात्री जेवणं झाल्यावर, बाकी कुणी नसताना: “परवा तू जे बोललास त्याचा अर्थ काय? जीव द्यायचा विचार येतो का मनात?” असं विचारलं तर नसलेला विचार डोक्यात शिरेल, अशी भीती बहुतेकांना वाटते. तसं होत नाही. उलट कुणीतरी तोंड उघडून विचारलं याचंच पुष्कळांना हलकं वाटतं. तो “हो” म्हणाला, किंवा कसं, कुठं, कधी याचा विचार त्यानं केलेला आहे असं दिसलं, तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाकडे किंवा सिव्हिल हॉस्पिटलला न्या. रात्री-अपरात्री काही सुचेनासं झालं तर १४४१६ हा टेलि-मानसचा फोन आहे. तो फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. आणि तो “छे छे” म्हणाला तरी घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, तुमच्या बीपीच्यासुद्धा, तुमच्या कपाटात कुलपात ठेवा. ती काढून ठेवताना भाषण नको.

हे झालं की पुढचं वाचा.

तुम्ही लिहिलंय, एकच पूर. मी तुमचं पत्र दोनदा वाचलं तेव्हा मला त्यात दोन पूर दिसले. एकानं पूर मिरजेतून पाहिला. त्याच्याभोवती बायको-मुलगी होती, मामांच्या घरात गरम जेवण होतं आणि फोन चार्ज करायला लाइट होती. दुसऱ्यानं तो माळ्यावर बसून पाहिला: खाली काळोखात पाणी, त्यात तरंगणारे तागे, पाणी आणखी किती चढेल हे सांगणारं कुणी नाही आणि मोबाइलची बॅटरी संपत आलेली. रुपयांत मोजलं तर नुकसान सारखं झालं, हे खरं. पण माणसाच्या मनावर येणारा ताण पंचनाम्यात मावत नाही. जिवाची भीती वाटली का, सुटकेचा मार्ग दिसत होता का, आपल्या हातात काही होतं का, या तीन गोष्टींनी त्याचं वजन ठरतं. तुमच्या भावाच्या वाट्याला यातलं जे आलं ते तुमच्या वाट्याला आलेलं नाही. यात तुमचा दोष नाही. कुणीतरी घरच्यांना न्यायलाच हवं होतं. पण “दोघांनी सारखंच भोगलं” या पायावर तुम्ही जो हिशेब मांडलाय, त्याचा पहिला आकडाच चुकलेला आहे.

समजा, तेही सारखं असतं. दोघेही माळ्यावर अडकले असते, तरी दोघांचं पुढं सारखंच झालं असतं का? बहुधा नाही, आणि इथं तुमचा खरा प्रश्न सुरू होतो.

तुम्ही बाजारपेठेतले आहात, त्यामुळे जोतं म्हणजे काय ते तुम्हाला समजावायला नको. एकाच गल्लीत पाणी सगळ्यांच्या दारात एकाच पातळीला उभं असतं. ज्याचं जोतं रस्त्यापासून चार फूट उंच, त्याच्या पायऱ्या भिजतात. ज्याचं फूटभर, त्याची गादी जाते. पाणी गेल्यावर फूटभर जोतं असलेल्याला कुणी “तू पाण्यापुढं नमलास” असं म्हणत नाही. जोतं त्यानं बांधलेलं नसतं, बहुतेक वेळा आजोबांनी बांधलेलं असतं. आणि पूर येईपर्यंत कुणाचं जोतं किती उंच, याकडे कुणाचं लक्षही जात नाही.

मानसशास्त्रात याला डायथेसिस-स्ट्रेस मॉडेल म्हणतात, म्हणजे प्रवणता आणि ताण यांचं गणित. डायथेसिस हा मूळचा वैद्यकातला जुना ग्रीक शब्द, आपण ‘ज्याची त्याची प्रकृती’ म्हणतो त्याच्या जवळचा. पॉल मील या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९६२मध्ये स्किझोफ्रेनियाबद्दल बोलताना ही मांडणी केली, पुढं ती नैराश्याला आणि इतर आजारांनाही लागू झाली. सांगणं साधं आहे. नुसत्या प्रवणतेनं आजार होत नाही, आणि नुसत्या ताणानंही सहसा होत नाही. दोन्ही मिळून उंबऱ्याच्या वर गेले की होतो. प्रवणता जास्त असेल तर थोडा ताण पुरतो. कमी असेल तर खूप लागतो. आणि ज्याचा उंबरा इतका उंच की कितीही पाणी आलं तरी घरात शिरणारच नाही, असा माणूस अजून कुणाला सापडलेला नाही.

आकड्यात दाखवते, म्हणजे हे हवेतलं वाटणार नाही. केनेथ केंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या व्हर्जिनियात दोन हजारांहून जास्त जुळ्या बहिणींचा अभ्यास करून १९९५मध्ये निष्कर्ष छापले. एकसारख्या जुळ्यांतल्या एकीला नैराश्य आलेलं असेल तर दुसरीची आनुवंशिक जोखीम सर्वांत जास्त धरायची. एकसारख्या जुळ्या बहिणीला कधीच आलेलं नसेल तर सर्वांत कमी. मग पाहायचं की एखाद्या महिन्यात मोठा आघात झाला, म्हणजे जवळचा माणूस गेला, मारहाण झाली, संसार मोडला, तर त्या महिन्यात नैराश्य सुरू होण्याचं प्रमाण किती. सर्वांत कमी जोखमीच्या बायकांत एरवी ते महिन्याला अर्धा टक्का होतं, आघात झाल्यावर ६.२ टक्के. सर्वांत जास्त जोखमीच्या बायकांत एरवी १.१ टक्के, आघातानंतर १४.६.

या चार आकड्यांकडे जरा थांबून बघा. आघात नसताना दोन्ही गटांत फरक नावालाच आहे, शंभरात एक आणि अर्धा. म्हणजे पाणी नसतं तेव्हा उंच जोतं आणि बुटकं जोतं सारखीच कोरडी असतात. फरक उघडा पडतो तो आघात आल्यावर. पण त्यातही, सर्वांत चांगल्या आनुवंशिकतेच्या शंभरातल्या सहाजणी आघातानं आजारी पडल्याच. आणि सर्वांत जास्त जोखमीच्या शंभरातल्या पंच्याऐंशी त्या महिन्यात आजारी पडल्या नाहीत. त्या पंच्याऐंशींकडे मी पुन्हा येईन, कारण तुमच्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्यात आहे.

आता तुमच्या भावाचं जोतं. एक आत्या तुम्ही सांगितलीत. तिचा आजार नेमका कोणता होता हे कळत नाही, पण ती तुम्हा दोघांचीही आत्या आहे. वारशाचे फासे दोघांसाठी वेगवेगळे पडतात, एवढंच. सख्ख्या भावांतही सरासरीनं निम्मीच जनुकं सारखी असतात. दुसरी गोष्ट तुम्ही ओघात लिहून गेलात ती मला जास्त महत्त्वाची वाटते: आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. जॉर्ज ब्राउन आणि टिरिल हॅरिस यांनी लंडनच्या कॅम्बरवेल भागातल्या बायकांचा जो अभ्यास १९७८मध्ये छापला, त्यात अकरा वर्षांच्या आत आई गमावणं ही पुढं संकटात नैराश्य येण्याची जोखीम वाढवणारी गोष्ट म्हणून दिसली होती. नंतरच्या अभ्यासांतून आणखी बारीक गोष्ट पुढं आली: आई जाण्यापेक्षाही त्यानंतर त्या मुलाचा सांभाळ कसा झाला, याचा परिणाम मोठा असतो. तुम्ही ‘लाड’ म्हणता. असतीलही. पण घरोघरी येणाऱ्या आत्या-मावश्यांनी हातावर पेढा ठेवणं आणि रात्री स्वप्न पडून दचकल्यावर रोज तेच एक माणूस शेजारी असणं, यात फरक आहे. त्याला यातलं काय मिळालं ते तुम्हालाच ठाऊक. सतरा वर्षांच्या मुलाची आई जाणं ही काही लहान गोष्ट नाही. पण तुम्हाला सतरा वर्षं मिळाली, त्याला नऊ. घराचा पत्ता एकच असला तरी तुम्ही वाढलात ते घर वेगळं होतं.

इथं एक खोड सांगून ठेवते, नाहीतर हे मॉडेल म्हणजे सगळ्या कुलपांना लागणारी किल्ली वाटायला लागेल. जो कोसळला त्याची प्रवणता जास्त होती, आणि ती जास्त होती कारण तो कोसळला, असं गोल-गोल फिरणं फार सोपं असतं. आमच्या क्षेत्रातले लोकही ते करतात. प्रवणता म्हणायची तर ती संकटाच्या आधीपासून, वेगळी दाखवता आली पाहिजे: घराण्यातला आजार, लहानपणचा घाव, आधी येऊन गेलेला झटका. तुमच्या भावाच्या बाबतीत तिन्ही दिसतात, म्हणून मी एवढ्या खात्रीनं लिहिते आहे.

तिसरी गोष्ट, आधी येऊन गेलेला झटका, ती तुमच्या “पाणी कमी असून कोसळला” या कोड्याचं उत्तर आहे. २०१९नंतर तो तीन-चार महिने गप्प होता. माझ्या मते तो गप्प नव्हता, आजारी होता. पण तुम्ही सगळे चिखल काढण्यात होतात, कुणाचं लक्ष गेलं नाही. रॉबर्ट पोस्ट यांनी १९९२मध्ये मांडलं, आणि केंडलर यांच्या जुळ्यांच्या पुढच्या अभ्यासातही दिसलं, की नैराश्याचा पहिला झटका यायला बहुधा मोठा धक्का लागतो, पण पुढचे झटके लहान धक्क्यानंही येतात. पुरात जोत्याखालची माती जाते हे तुम्ही पाहिलंच असेल. वरून फरशी तशीच दिसते, पण पुढच्या वेळी कमी पाण्यानंही ती खचते. त्यामुळे २०२१ला पाणी किती फूट होतं याची तुलना २०१९शी करण्यात अर्थ नाही. पाणी उतरलं होतं, पण त्याचा उंबराही मधल्या काळात खाली आला होता. शिवाय त्याच्या लेखी ते वेगळं पाणी नव्हतंच, माळ्यावरच्या त्याच दोन रात्री परत आल्या होत्या. रात्रभर पातळी बघत बसणं, दुकान टाळणं, रेघेकडे न बघणं, ही लक्षणं मला नुसत्या नैराश्याची वाटत नाहीत. आघातानंतरच्या ताणविकाराची, म्हणजे पीटीएसडीची, छाया त्यात आहे. दोन्ही एकत्र असणं मुळीच दुर्मीळ नाही. पण पत्रावरून निदान करत नाहीत. डॉक्टरांना या दोन रात्रींबद्दल सांगितलं होतं का? बहुतेकदा नातेवाईक “धंद्यात नुकसान झालं, तेव्हापासून असा आहे” एवढंच सांगतात, आणि उपचार त्याच दिशेनं जातात.

आता तुमच्याबद्दल. तुम्ही पंधरा दिवसांत शटर वर केलंत. शाबासकी देण्याआधी मला विचारायचंय, ते वर करताना तुमच्या हाताशी काय काय होतं? बँकेत जाणं, पंचनामा करून घेणं, व्यापाऱ्यांना फोन करणं, सगळं तुमच्याकडे होतं. म्हणजे रोज सकाळी करायला काहीतरी होतं आणि त्यातलं थोडं संध्याकाळी झालेलं दिसत होतं. घरी बायको होती, जिला रात्री “जमेल का गं?” असं विचारता येत होतं. ब्राउन-हॅरिस यांच्या त्याच अभ्यासात, मन मोकळं करता येईल असं एक जवळचं माणूस असणं ही संकटात सगळ्यात जास्त तारणारी गोष्ट ठरली होती. भावाचं लग्न झालंय का हे तुम्ही लिहिलेलं नाही. तो रात्री कुणाशी बोलत होता?

याला उभारी म्हणायचं. उभारी हा काही रक्तातला एकच गुण नाही, की तुम्हाला मिळाला आणि त्याला नाही. त्यातलं काही स्वभावातून येतं, बरंचसं भोवतीच्या माणसांतून आणि हातातल्या कामातून येतं. आणि संकटानंतर बहुसंख्य माणसं फार न मोडता सावरतात, हे आता पुष्कळ अभ्यासांतून दिसलेलं आहे. तेव्हा तुमचं सावरणं चांगलं आहे, पण ते भावाला मोजायचा गज नाही.

आणि “मला काही झालं नाही, बीपीची गोळी तेवढी सुरू झाली” हे वाक्य वाचून मी थांबले. तुमचं बीपी पुरामुळंच वाढलं असं मी म्हणणार नाही; वय, मीठ, घराणं, सगळंच असतं त्यात. पण ताण ज्याच्या त्याच्या कच्च्या जागेतून आत शिरतो हेच तर हे मॉडेल सांगतं. भावाला मनाच्या डॉक्टरकडे जावं लागलं, तुम्हाला हृदयाच्या. तुमची गोळी “सवय लागेल” म्हणून दीड महिन्यात कुणी बंद करायला लावली नाही.

त्या गोळ्यांचं सविस्तर सांगते, कारण तुमच्यासारखी पत्रं महिन्याला दोन-तीन तरी येतात. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, पुरता दिसायला दीड-दोन महिने. म्हणजे जेमतेम गुण यायच्या सुमारास तुम्ही त्या थांबवल्यात. बरं वाटल्यावरही त्या साधारण सहा महिने तरी चालू ठेवायच्या असतात, आणि दुसऱ्यांदा झटका आलेला असेल तर डॉक्टर त्याहून जास्त काळ सांगतात. या गोळ्यांचं व्यसन लागत नाही, मात्र त्या एकदम सोडल्या तर चक्कर, बेचैनी, झोप उडणं असा त्रास होऊ शकतो, म्हणून हळूहळू कमी करतात. तुमची भीती अगदीच निराधार होती असंही नाही. सोबत झोपेची गोळी दिलेली असेल तर तिची सवय लागू शकते, ती थोडेच दिवस द्यायची असते. तेव्हा जुनी चिठ्ठी घेऊन जा आणि डॉक्टरांना विचारा, यातली कुठली कशासाठी. जुन्या पट्टीतल्या उरलेल्या गोळ्या मनानं सुरू करू नका. बोलण्याच्या उपचारांबद्दलही विचारा; आघातावर नेमकं काम करणारे उपचार आहेत आणि ते सरसकट ‘समुपदेशन’ नव्हेत.

कडक वागू का, असं तुम्ही विचारलंत. नको, आणि ‘बिचारा’ म्हणून नको असं मी म्हणत नाहीये. नैराश्यातून बरी झालेली माणसं पुन्हा आजारी कधी पडतात यावर झालेल्या कामात एक साधा प्रश्न फार उपयोगी ठरला होता. रुग्णाला विचारायचं: तुमचा जोडीदार तुमच्यावर किती टीका करतो? १९८९मध्ये हूली आणि टीसडेल यांनी दाखवलं की या एका प्रश्नाच्या उत्तरावरून कोण पुन्हा आजारी पडेल याचा चांगला अंदाज येत होता. घरातली टोचणी हाच एक ताण आहे, आणि तो रोज दोन वेळा जेवणाच्या ताटाबरोबर वाढला जातो. भावाचा वारसा तुम्हाला बदलता येत नाही, पाऊसही थांबवता येत नाही. “मी पंधरा दिवसांत उठलो” हे वाक्य मात्र तुम्हाला थांबवता येतं. घरात तुमच्या सौभाग्यवती आणि मामा यांनाही तसं सांगून ठेवा.

पण कडक नाही म्हणजे मोकाट नाही. टाळण्यानं भीती वाढते. तो दुकान जेवढं टाळेल तेवढं ते त्याच्या मनात मोठं होत जाईल. म्हणून परत न्यायचंच आहे, फक्त पायरी-पायरीनं, आणि पायऱ्या त्यानं ठरवायच्या. माझ्याकडे येणाऱ्या एका कुटुंबाला मी सांगितलं होतं, दहापैकी भीती किती वाटते ते त्यालाच प्रत्येक पायरीसमोर लिहू द्या. तुमच्याकडे ते कदाचित असं होईल: आधी नुसतं गल्लीच्या तोंडाशी चहा प्यायला, त्याला तीन. मग सकाळी गिऱ्हाईक नसताना गल्ल्याजवळ पंधरा मिनिटं, पाच. मग तासभर हिशेबाची वही. माळा नऊ किंवा दहा असेल, तो शेवटी, आणि जमलं तर उपचार करणाऱ्यांच्या सल्ल्यानं. एका पायरीवर भीती निम्म्यावर येईपर्यंत तिथंच थांबायचं, दोन-चार दिवस पुन्हा पुन्हा तेच करायचं, मगच पुढची. तीनवरून एकदम नऊवर ढकललं तर तो घरी परत जाईल आणि पुढच्या वेळी गल्लीच्या तोंडालाही यायचा नाही. ऐन पावसाळ्यात नवीन पायरी सुरू करू नका. आहे ती टिकवा.

मोबाइलचं वेगळं. तो हिसकावून घेतला तर तो रात्रभर अंधारात कानोसा घेत बसेल. सांगलीत राहून पातळी बघूच नये, असंही मी म्हणणार नाही. ती बघणं शहाणपणाचं आहे, फक्त दर दहा मिनिटांनी नव्हे. ते काम तुम्ही घ्या. सकाळी आठला आणि रात्री आठला पुलाची पातळी आणि विसर्ग तुम्ही बघायचा आणि त्याला सांगायचा, दोन आकडे, पुढं चर्चा नाही. आणि आधीच दोघांनी बसून कागदावर लिहून ठेवा: पुलाजवळ पाणी ४० फुटांवर गेलं की माल हलवायचा, ४५ची धोक्याची पातळी यायच्या आत सगळ्यांनी निघायचं, आणि यावेळी मागं कुणीही थांबायचं नाही. तो शेवटचा मुद्दा त्याच्यासमोर, तुमच्या हातानं लिहा. २०१९ला त्याला माळ्यावर ठेवून आपण निघून आलो, हे तुम्हाला कधी त्याच्याशी बोलता आलंय का, मला ठाऊक नाही. नसेल तर ही ती जागा आहे.

मुलीकडे येते. तिच्यात ‘हे’ उतरत नाही, उतरली तर जोखीम उतरते, आणि जोखमीचं काय होतं ते त्या पंच्याऐंशीजणींनी दाखवलंय. जाता जाता एक पैशाची गोष्ट: नैराश्याचं जनुक तपासून देतो म्हणणाऱ्या चाचण्यांवर खर्च करू नका. २००३मध्ये एका सेरोटोनिनशी संबंधित जनुकाचा फार गाजावाजा झाला होता, ताण आला की ते असलेल्यांना नैराश्य येतं म्हणून. पुढं २०१९मध्ये लाखो लोकांची माहिती तपासली तेव्हा ते आणि तसली इतर गाजलेली जनुकं त्या परीक्षेत टिकली नाहीत. नैराश्याचा वारसा असतो, पण तो असंख्य जनुकांत इतका थोडा-थोडा वाटलेला असतो की एका पोरीबद्दल त्यावरून काही सांगता येत नाही.

कणखर करण्याबद्दल म्हणाल, तर तुम्ही लहानपणी कृष्णेत पोहायला कसे शिकलात? पाठीला सुका भोपळा बांधून, घाटाजवळच्या पाण्यात, कुणीतरी शेजारी उभं असताना. पुढं भोपळा सुटला. अवघड गोष्टी मुलांना मजबूत करतात हे खरं आहे, पण त्या झेपण्याएवढ्या असल्या आणि शेवट मुलाच्या हातून झाला तरच. स्पर्धेत हरून तिला स्वतः पुढच्या वेळी नाव घालू देणं, दुकानात अर्धा दिवस गिऱ्हाईक सांभाळू देणं, चुकीचं मोजलेलं कापड तिनंच पुन्हा मोजणं, हे चालेल. रडली तर “काकासारखी करू नकोस” हे नको. त्या एका वाक्यात तिला दोन गोष्टी कळतात: काका हलका माणूस आहे, आणि मला कधी असं वाटलं तर बाबांना सांगायचं नाही. हवाई बेटांपैकी काउआई इथं १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांवर एमी वर्नर आणि सहकाऱ्यांनी अनेक दशकं लक्ष ठेवलं होतं. त्यात ज्यांच्या वाट्याला गरिबी, घरातली भांडणं, आईवडिलांचा आजार असं बरंच काही एकदम आलं, त्यांतलीही साधारण एक तृतीयांश मुलं चांगली उभी राहिली. त्यांच्या आयुष्यात एक तरी भरवशाचं मोठं माणूस होतं. कधी आजी, कधी शेजारीण, कधी शिक्षक. तुमच्या मुलीला आई-बाप आहेत, आणि बरा झाला तर काकाही असेल. तिला एवढंच सांगा की काकाला आजार झालाय, त्यावर औषध चालू आहे, आणि तो तिच्यामुळं झालेला नाही.

राहता राहिली भिंतीवरची रेघ. तो पहिल्यांदा गल्ल्याजवळ येऊन बसेल त्या दिवशी तिच्यावरून एखादा सतरंजीचा नमुना लटकवून ठेवा, सहज, काही न बोलता. पुसू मात्र नका. ती ठेवायची की रंग मारायचा, हे दिवाळीनंतर कधीतरी त्यालाच विचारा. २०१९ची रेघ नेमकी कुठवर होती, हे त्या दुकानात बसून पाहिलेला तो एकटाच आहे.